टॅगलाइन निवडताना: 'अस्सल चव' का चालत नाही आणि वरवंटा का चालतो

पाकिटं छापायला टाकायच्या आदल्या दिवशी येणारा फोन मला आता पाठ झालाय. "नाव तर ट्रेडमार्कला टाकलंच आहे, टॅगलाइनचंही करून टाका. 'अस्सल कोल्हापुरी चव.' फी किती?" फी सांगता येते. पण ती भरून काय हाती लागेल, हे सांगायला थोडा वेळ लागतो. फोनवर जे अर्धवट सांगून होतं, ते इथे नीट मांडतो. उदाहरण मसाल्याचंच घेतो, कारण त्यात सगळ्या चुका एकाच पाकिटावर भेटतात.

नावाप्रमाणे वाक्याचीही ट्रेडमार्क म्हणून नोंद होऊ शकते. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात टॅगलाइनचा वेगळा उल्लेख नाही, पण शब्द आणि शब्दांची जोडणी त्यात येते, त्यामुळे वाक्यही येतं. अट नावाला आहे तीच: हे शब्द ऐकल्यावर गिऱ्हाइकाला 'हा अमक्याचा माल' असं कळलं पाहिजे. नुसतं 'हा माल चांगला आहे' एवढंच कळून भागत नाही. सगळी मेख इथेच आहे, कारण जाहिरात करणाऱ्याला नेमकं 'माल चांगला आहे' हेच ओरडून सांगायचं असतं.

पायरी १: शेजारच्या दुकानदाराची परीक्षा

सुचलेली सगळी वाक्यं एका कागदावर लिहा, दहा-पंधरा तरी. मग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: माझ्या शेजारी दुसरा मसालेवाला बसला, तर त्याला स्वतःच्या मालाबद्दल खरं बोलताना हे शब्द लागतील का? लागणार असतील तर ते वाक्य खोडा.

'अस्सल कोल्हापुरी चव' घ्या. 'अस्सल' ही स्तुती झाली, 'कोल्हापुरी' हे ठिकाण, 'चव' हा मालाचा गुण. कोल्हापुरात मसाला कुटणाऱ्या प्रत्येकाला हे तीन शब्द लागतात. कायद्याचं कलम ९ नेमकं हेच अडवतं: मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग किंवा मूळ ठिकाण सांगणारे शब्द, आणि त्या धंद्यात सगळेच वापरतात असे शब्द. 'आईच्या हातची चव', 'परंपरा तीन पिढ्यांची', 'घरगुती आणि शुद्ध' ही वाक्यं दुसऱ्या गटातली. ती कुणा एकाची उरलेलीच नाहीत. किराणा दुकानाच्या एकाच फळीवर दोन-तीन आया सहज सापडतील.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "पण अमक्या कंपनीला मिळालं की!" मिळतं, कधीकधी मिळतं. पण मिळालेलं कागदापुरतंच उरतं, हे दाखवणारे दोन निकाल मी प्रत्येकाला सांगतो.

गेटोरेड या पेयाच्या कंपनीकडे 'रिहायड्रेट्स, रिप्लेनिशेस, रिफ्यूएल्स' ही ओळ भारतात नोंदवलेली होती. हाइन्झने ग्लुकॉन-डीच्या आयसोटॉनिक पेयावर तशाच चालीची ओळ छापली. त्यातले दोन शब्द तेच होते आणि तिसरा 'रिचार्जेस'. गेटोरेडवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २०१०मध्ये न्यायालयाने मनाई द्यायला नकार दिला. पाणी भरून काढतं, क्षार भरून काढतं, ताकद देतं, हे तर त्या पेयाचं काम झालं, आणि आपल्या मालाचं काम सांगायला प्रतिस्पर्ध्याला बंदी करता येत नाही. त्याच वर्षी त्याच न्यायालयात सफोलावाल्या मॅरिकोचं प्रकरण निघालं. त्यांनी 'लोसॉर्ब' हा शब्द नोंदवला होता आणि समोरच्या तेलावर 'लो अ‍ॅब्सॉर्ब टेक्नॉलॉजी' असं छापलेलं होतं. तिथेही हाच निकाल लागला: पदार्थ तेल कमी शोषतो, हे तेलाचं वर्णन आहे, आणि स्पेलिंग थोडं वाकवल्याने वर्णनाचं नाव होत नाही.

दोन्ही ठिकाणी नोंदणीचा कागद हातात होता. तरी समोरच्याच्या पाकिटावरचे शब्द थांबवता आले नाहीत. म्हणून मी खोडायला सांगतो तेव्हा अर्ज फेटाळला जाईल एवढीच भीती मनात नसते. अर्ज मंजूर होऊनही उपयोग शून्य, ही जास्त महागात पडणारी गोष्ट आहे.

आता कोणी म्हणेल, वर्णनाचे शब्दसुद्धा वापरून वापरून आपले होत नाहीत का? होतात. अर्जाच्या तारखेआधीच्या वापराने त्या वाक्याला वेगळी ओळख मिळाली आहे, असं दाखवता आलं तर कलम ९ची ही अडचण दूर होते. पण दाखवायचं म्हणजे वर्षानुवर्षांची बिलं, जाहिरातींचा खर्च, विक्रीचे आकडे आणि लोक ते वाक्य ऐकून तुमचंच नाव घेतात याचा पुरावा. आणि एवढं करूनही वाक्य निव्वळ बढाईचं असेल तर न्यायालय ऐकतंच असं नाही. अमेरिकेत बोस्टन बीअर कंपनीने 'द बेस्ट बीअर इन अमेरिका' ही ओळ कित्येक वर्षं जाहिरातीत वापरून मग नोंदवायला आणली होती. तरीही १९९९मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती नाकारली. नव्या धंद्याने या वाटेला जाऊच नये.

पायरी २: सांगू नका, सुचवा

खोडून खोडून कागद जवळजवळ रिकामा होतो. मग नवी वाक्यं शोधायची ती वेगळ्या दिशेने. मालाचा गुण सरळ सांगायचा नाही. गिऱ्हाइकाच्या डोक्यात एक उडी मारायला जागा ठेवायची. शब्द आणि माल यांच्यामध्ये ही उडी जितकी असेल, तितकं वाक्य मजबूत.

आपल्या मसालेवाल्यांचं उदाहरण पुढे नेऊ. त्यांचा मसाला दगडावर वाटल्यासारखा जाडसर आहे आणि त्यांना तेच सांगायचंय. 'दगडावर वाटलेला' हे वर्णन झालं, ते पाकिटाच्या मागच्या बाजूला खुशाल लिहा. टॅगलाइन म्हणून समजा सुचलं 'पाट्याला विचारा'. पाटा म्हणजे मसाला नव्हे, आणि पाट्याला कोणी काही विचारत नाही. पण घरात पाटा पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं. शेजारच्या दुकानदाराला स्वतःच्या मालाबद्दल खरं बोलायला हे दोन शब्द लागत नाहीत. परीक्षेत पास.

पण आता हे रोमन लिपीत लिहून पाहा: PATYALA VICHARA. नोंदणीच्या शोधखिडकीत वाक्य असं टाकलं जाणार, आणि मराठी न येणारा तपासनीस ते पंजाबातलं पटियाला म्हणून वाचणार. मग मूळ ठिकाणाचा आक्षेप निघणार, आणि आपण महिनाभर 'पाटा' म्हणजे काय हे समजावत बसणार. यातून सुटता येतं, पण वरवंटा हाताशी असताना पाट्यासाठी भांडायचं कशाला? 'वरवंट्याला विचारा'. चित्र तेच, आणि रोमनमध्ये VARVANTYALA दुसऱ्या कशासारखं दिसत नाही. मराठी वाक्य पक्कं करण्याआधी ते रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहायची सवय लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

म्हणी आणि वाक्प्रचार यांचा मोह होतो, तो टाळलेला बरा. रोज सगळ्यांच्या तोंडात असलेलं वाक्य ऐकून गिऱ्हाइकाला तुमची आठवण यायचं काही कारण नसतं. म्हण मोडून वापरली तर गोष्ट वेगळी, पण मग ती चांगली मोडली पाहिजे. वाक्यात ब्रँडचं नाव गुंफणं हा सोपा मार्ग आहे आणि नोंदणी त्याने नक्कीच सोपी होते. फक्त तिथे सगळी ताकद नावाची असते हे लक्षात ठेवा. नाव काढून उरलेले शब्द दुसऱ्याने घेतले तर फारसं अडवता येत नाही.

आणखी एक सूचना खास महाराष्ट्रासाठी. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र १९५०च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याच्या यादीत आहे. धंद्यासाठी त्याचा असा वापर सरकारच्या परवानगीशिवाय करता येत नाही. महाराजांचं नाव असलेली टॅगलाइन घेऊन दरवर्षी कोणी ना कोणी येतंच, म्हणून सांगितलं.

पायरी ३: आधी बाजार, मग रजिस्टर

बहुतेक लोक थेट सरकारी संकेतस्थळावर शोधतात, काही दिसलं नाही की 'मोकळं आहे' म्हणून छापायला देतात. हे उलटं आहे. आपल्याकडे नोंद नसलेल्या, पण आधीपासून वापरणाऱ्या माणसालाही हक्क असतो. तुमच्या आधीपासून तो सतत वापरत असेल तर तुमची नोंदणी त्याला थांबवू शकत नाही. उलट तो तुमच्यावर 'आमचा माल म्हणून आपला माल खपवतात' असा दावा लावू शकतो. सांगलीच्या बाजारात वीस वर्षं मसाला विकणारा माणूस रजिस्टरमध्ये नसेलही, पण बाजारात आहेच.

म्हणून पहिला अर्धा दिवस दुकानात घालवा. गावातलं मोठं किराणा दुकान, एखादा मॉल आणि आठवडी बाजार पुरे. आपल्या मालाच्या फळीसमोर उभं राहून प्रत्येक पाकिटाचे पुढून-मागून फोटो काढा. घरी येऊन वहीत दोन रकाने करा: ब्रँड आणि त्याची ओळ. तीसेक पाकिटं उतरवलीत की एक गंमत दिसते. तेच आठ-दहा शब्द फिरून फिरून येतात: चव, परंपरा, शुद्ध, घरगुती, अस्सल, आई, खास, मराठमोळी. हे शब्द या धंद्याचे सामाईक. त्यांतला एखादा तुमच्या वाक्यात असेल तर तो तुमचा होणार नाही, आणि बाकीच्या शब्दांनाही पातळ करतो.

त्यानंतर ऑनलाइन. गुगलवर वाक्य अवतरणचिन्हात टाका, एकदा देवनागरीत आणि एकदा रोमनमध्ये. अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टवर मालाच्या प्रकारासोबत मुख्य शब्द टाकून पाहा. इन्स्टाग्रामवर हॅशटॅग म्हणून टाकून पाहा. घरगुती धंदे तिथेच जास्त सापडतात. फेसबुकची अ‍ॅड लायब्ररी फुकट आहे, चालू जाहिराती तिथे शब्द टाकून शोधता येतात. जे सापडेल त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. पुढे कोणी 'तुम्ही आमचं उचललं' म्हणालं, तर तुम्ही शोध घेतला होता हे दाखवायला तो उपयोगी पडतो.

पायरी ४: रजिस्टरमध्ये शोध

आता tmrsearch.ipindia.gov.in. इथे शोध वर्गवार होतो. माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले वर्ग ३०मध्ये येतात, लोणचं मात्र २९मध्ये. उद्या स्वतःचं दुकान काढायचं असेल तर ३५ आणि खानावळ काढायची असेल तर ४३ पाहा. ३०मध्ये शोधून थांबू नका. लोणचं आणि मसाला एकाच फळीवर असतात आणि गिऱ्हाईक तोच असतो. वर्ग वेगळा म्हणून माल वेगळा ठरतोच असं नाही.

अख्खं वाक्य टाकून शोधू नका. Wordmark निवडा, Contains निवडा, आणि वाक्यातला सगळ्यात वेगळा शब्द तेवढा टाका. आपल्या उदाहरणात असे शोध घ्यावे लागतील:

```
VARVANT
WARWANT
VARWANT
VICHARA
SILBATT
```

पहिल्या तिन्ही नोंदी एकाच शब्दाच्या, कारण मराठी शब्दाचं रोमन स्पेलिंग ज्याने अर्ज भरला त्याच्या मर्जीने झालेलं असतं. शेवटचं आ-कार मुद्दाम सोडलंय, म्हणजे वरवंटा, वरवंटे, वरवंट्याला सगळं एकदम येतं. शेवटची नोंद हिंदीसाठी. अर्थ सारखा असेल तर भाषा वेगळी असली तरी आक्षेप येऊ शकतो, त्यामुळे 'सिलबट्टे से पूछो' कोणाचं आहे का हेही बघायला हवं. Phonetic नावाचा पर्यायही तिथे आहे. तो जरूर वापरा, पण त्यावर विसंबू नका. मराठी उच्चार तो नीट पकडत नाही असा माझा अनुभव आहे.

निकालांच्या यादीत नोंदीची स्थिती वाचायला शिका. Registered म्हणजे नोंद झालेली. Objected म्हणजे कार्यालयाने आक्षेप काढला, पण अर्ज जिवंत आहे. Opposed म्हणजे तिसऱ्याच कोणीतरी विरोध केलाय. या तिन्हींना मी 'अडथळा' धरतो. Abandoned, Refused आणि Removed पाहून लोक सुटकेचा श्वास सोडतात. तो अर्धाच सोडावा. अर्ज मेला म्हणजे धंदा मेला असं नाही. त्या माणसाचं नाव घेऊन पुन्हा एकदा बाजारात शोधा. Refused असेल तर आत जाऊन तपासणीचा अहवाल उघडून वाचा, कारण त्याच प्रकारच्या वाक्यावर कार्यालयाने काय आक्षेप काढला ते तिथे फुकट शिकायला मिळतं.

पायरी ५: जवळचं म्हणजे किती जवळचं

समजा शोधात वर्ग ३०मध्ये 'आजीला विचारा' अशी कोणाची टॅगलाइन निघाली. आता?

इथे दोन वाक्यं शेजारी ठेवून अक्षरं मोजायची नसतात. गिऱ्हाईक दोन्ही पाकिटं हातात धरून तुलना करत नाही, मागच्या महिन्यात वाचलेलं त्याला अर्धवट आठवत असतं. त्या अर्धवट आठवणीला उच्चार, दिसणं आणि अर्थ मिळून दोन्ही वाक्यं एकाच घरची वाटतील का, हा प्रश्न. 'आजी' आणि 'वरवंटा' यांत सारखेपणा नाही, पण '…ला विचारा' हा साचा तोच. तो साचा त्या एकाच कंपनीचा असेल आणि तिने तो जाहिरातीत खूप वाजवला असेल, तर मी वाक्य बदलायला सांगेन. असे '…ला विचारा' पाच-सहा जणांचे असतील तर साचा सामाईक झालाय, आणि मग 'वरवंटा' या शब्दावर आपण उभे राहू शकतो. एकच शोधनिकाल आणि दोन वेगळे सल्ले. म्हणून यादी पूर्ण वाचायची.

प्रतिस्पर्ध्याच्या गाजलेल्या ओळीतला एक शब्द बदलून आपली ओळ करायची, हा प्रकार मात्र सरळ सोडून द्या. 'टॅगलाइनला कॉपीराइट नसतो' असं कोणीतरी सांगितलेलं असतं, आणि ते बरंचसं खरंही आहे. पेप्सी आणि कोका-कोलाच्या २००३च्या प्रकरणात 'ये दिल माँगे मोअर'बद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने प्रथमदर्शनी तसंच म्हटलं. पण त्याच निकालात असंही आहे की दुसऱ्याच्या नावावर माल खपवण्याविरुद्धच्या कायद्याखाली अशा ओळीला संरक्षण मिळू शकतं. लोक पहिलं वाक्य वाचून थांबतात.

पायरी ६: अर्ज

अर्जाचा नमुना TM-A. एकटा माणूस, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. लघुउद्योग म्हणून सवलत घ्यायची तर उद्यमचं प्रमाणपत्र जोडा. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलच्या कार्यालयाकडे जातात.

टॅगलाइनचा अर्ज ब्रँडच्या नावापासून वेगळा करा आणि शब्दचिन्ह म्हणून करा, म्हणजे ठरावीक अक्षरवळणात किंवा चित्रासकट नको. लोगोमध्ये टॅगलाइन घालून एकच अर्ज करणं स्वस्त पडतं, पण मग संरक्षण त्या अख्ख्या चित्राला मिळतं. त्यातल्या टॅगलाइनवर वेगळा हक्क सांगता येत नाही. मराठी शब्दांचं रोमन लिप्यंतर आणि अर्थ अर्जातच द्या. 'वरवंटा म्हणजे मसाला वाटायचा दगडी दांडा' एवढं जरी लिहिलंत तरी अर्धे गैरसमज टळतात.

वापर कधीपासून हा रकाना जपून भरा. अजून वापर सुरू नसेल तर 'वापरायचा विचार आहे' असा पर्याय घ्या, त्यात काही कमीपणा नाही. मागची तारीख टाकली की प्रतिज्ञापत्र आणि पुरावे द्यावे लागतात, आणि नाव जुनं पण टॅगलाइन नवी असताना दोन्हींना एकच तारीख टाकणारे मी बरेच पाहिलेत. पुढे विरोध झाला की समोरचा वकील पहिला हात तिथेच घालतो.

तपासणी अहवाल आला की उत्तराला एक महिना मिळतो. तो ईमेलवर येतो आणि स्पॅममध्ये पडून राहतो, तेवढं बघत जा. उत्तर पटलं किंवा सुनावणीत पटवता आलं, की चिन्ह ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं. त्यानंतर चार महिने कोणीही विरोध करू शकतं. कोणी केला नाही तर नोंद होते, दहा वर्षांसाठी, आणि पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण.

पाकीट छापताना टॅगलाइन पुढच्या बाजूला, नावाजवळ, दर वेळी त्याच जागी आणि त्याच शब्दांत येऊ द्या. कधी 'वरवंट्याला विचारा', कधी 'विचारा वरवंट्याला' असं केलंत तर नोंदलेलं वाक्य वापरात आहे हे सिद्ध करताना घाम फुटतो, आणि नोंदणीनंतर सलग पाच वर्षं वापर नसेल तर त्या नोंदीमुळे ज्याचं अडतंय तो ती काढून टाका म्हणून अर्ज करू शकतो. बाजूला ™ आत्तापासून लावता येतं. ® मात्र प्रमाणपत्र हातात येईपर्यंत नाही, कारण नोंद नसताना ते छापणं बेकायदा आहे. पाकिटांचा पहिला साठा पन्नास हजारांचा काढत असाल तर प्रिंटरला सिलिंडर बनवायला देण्याआधी हे चिन्ह एकदा स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. डिझायनर लोक ते सवयीने टाकून देतात.